अर्धवट कामांची टोचणी आणि ठोस योजना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राहून गेलेली कामे मनात का घोळत राहतात आणि त्यांची योजना केल्यावर मन निवांत का होते, याविषयी वाचकांकडून सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न मूलभूत आहेत, अपवाद व अडचणी पुढे येतात. एखाद्या उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पूर्ण झालेले काम मी लगेच विसरतो, मग अर्धवट राहिलेले छोटेसे कामही डोक्यातून का जात नाही?

एखादे काम करायचे असे आपण मनाशी ठरवतो, तेव्हा त्या कामाशी निगडित विचार, वस्तू आणि संधी यांच्याबाबत मन सावध होते. जर्मनीत काम करणारे मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी या अवस्थेचे वर्णन एक प्रकारचा ताण असे केले होते. काम हाती घेताना हा ताण निर्माण होतो आणि काम तडीला गेले की तो उतरतो. मध्येच खंड पडला, तर तो तसाच शिल्लक राहतो आणि थोडेसे निमित्त मिळताच ते काम पुन्हा आठवते. ही व्यवस्था मुळात उपयोगाची आहे, कारण ती नसती तर दुपारी दुसऱ्या कामात गुंतल्यावर सकाळी दिलेला शब्द आपण साफ विसरून गेलो असतो.

अडचण अशी की ही आठवण वेळ-काळ पाहून होत नाही. फोन करायचा राहून गेला आहे हे आंघोळ करताना आठवते, गाडी चालवताना आठवते, मध्यरात्री आठवते, आणि नेमक्या त्या क्षणी फोन करणे शक्य नसते. टोचणीचा त्रास होतो तो बहुतेक वेळा असा, काम आठवण्यापेक्षा अवेळी आठवण्याचा.

२. यालाच झायगार्निक परिणाम म्हणतात का? तो खोटा ठरला असे मी मध्यंतरी वाचले, त्यात तथ्य किती?

लेविन यांच्या विद्यार्थिनी ब्लूमा झायगार्निक यांनी बर्लिनमध्ये केलेले प्रयोग 1927 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी सहभागी व्यक्तींना कोडी सोडवणे, मातीची आकृती घडवणे, गणिते करणे अशी वीसएक छोटी कामे दिली. त्यांपैकी निम्मी पूर्ण होऊ दिली आणि उरलेली मध्येच थांबवली. नंतर कोणकोणती कामे आठवतात असे विचारले असता, थांबवलेली कामे पूर्ण झालेल्या कामांच्या जवळपास दुप्पट प्रमाणात आठवली. त्यांच्याच सहकारी मारिया ओव्ह्स्यानकिना यांनी 1928 मध्ये वेगळी बाब दाखवून दिली. काम मध्येच तोडले आणि नंतर व्यक्तीला मोकळे सोडले, तर कोणी सांगितले नसताना आणि कसलेही बक्षीस नसताना बहुतेक जण ते अर्धवट काम पुन्हा हाती घेतात.

पुढे अनेकांनी हे प्रयोग पुन्हा करून पाहिले. स्मरणासंबंधीचा निष्कर्ष कधी टिकला, तर कधी टिकला नाही. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात, अर्धवट कामे अधिक चांगली आठवतात असा सर्वसाधारण नियम आढळला नाही, मात्र ती पुन्हा सुरू करण्याची ओढ स्पष्टपणे आढळली. त्यामुळे आपण जे वाचले त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. शब्दांची वा कामांची यादी आठवून सांगणे ही एक गोष्ट झाली आणि न बोलावता मनात शिरणारा विचार ही दुसरी. या पानाचा विषय दुसरी गोष्ट आहे, आणि तिच्यासाठी स्वतंत्र पुरावा उपलब्ध आहे (प्रश्न ३ आणि ४).

३. काम आठवत राहिले तर बिघडले कुठे? त्यामुळे ते विसरले तरी जात नाही.

विसरले जात नाही हे खरे, परंतु त्याची किंमत हातातले काम मोजते. ई. जे. मॅसिकॅम्पो आणि रॉय बॉमाइस्टर या अमेरिकी संशोधकांनी 2011 मध्ये यासंबंधीची प्रयोगमालिका प्रसिद्ध केली. एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांना लवकरच पूर्ण करावयाच्या, पण अद्याप बाकी असलेल्या महत्त्वाच्या कामांबद्दल लिहायला सांगितले, तर काहींना पूर्ण झालेल्या कामांबद्दल. त्यानंतर सर्वांना एका कादंबरीतील उतारा वाचायला दिला. बाकी कामांबद्दल लिहिलेल्यांचे लक्ष वाचताना वारंवार त्या कामांकडे वळले. दुसऱ्या एका प्रयोगात, उद्दिष्ट अपुरे राहिले असताना उलटसुलट अक्षरांतून शब्द जुळवण्याच्या कोड्यातील कामगिरी खालावली, आणि त्या कोड्याचा त्या उद्दिष्टाशी काहीही संबंध नव्हता.

आपल्या अनुभवात हे असे दिसते: एकच परिच्छेद तिसऱ्यांदा वाचला जातो, समोरच्याच्या बोलण्याला आपण मान डोलावतो आणि तो काय म्हणाला ते क्षणभराने सांगता येत नाही. अशा वेळी अनेक जण स्वतःच्या एकाग्रतेला दोष देतात. प्रत्यक्षात लक्षाचा एक हिस्सा भलतीकडे अडकलेला असतो.

४. योजना केली म्हणजे काम झाले असे नाही. मग नुसत्या योजनेने मन शांत कसे होते?

या विषयातील सर्वांत रोचक निष्कर्ष हाच आहे. वर उल्लेखिलेल्या प्रयोगांत आणखी एक गट होता. या गटाने बाकी कामांबद्दल लिहिले आणि त्याबरोबर ती कामे नेमकी कशी करणार याची योजनाही लिहिली. काम या गटाचेही झालेले नव्हते, तरीही वाचनात येणारा व्यत्यय आणि कोड्यातील घसरण त्यांच्यात आढळली नाही.

याचा अर्थ असा लावता येतो की मन ज्याचा पाठपुरावा करत असते ते काम पुरे होणे नव्हे. पुढे केव्हा आणि काय करायचे याचा निर्णय झालेला नाही, याची ते आठवण करून देत असते. निर्णय झाला की सतत पहारा देण्याचे कारण उरत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी त्याआधीच दाखवले होते की ‘अमुक प्रसंग आला की मी तमुक करीन’ अशा स्वरूपात ठरवले, तर त्या प्रसंगाशी कृती जोडली जाते आणि तो प्रसंग समोर येताच ती सहज सुचते. त्यांच्या एका गाजलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी नाताळची आदली संध्याकाळ कशी घालवली याचा अहवाल दोन दिवसांच्या आत पाठवायचा होता. तो कधी आणि कोठे बसून लिहिणार हे ज्यांनी आधी ठरवले, त्यांच्यात अहवाल वेळेत पाठवणाऱ्यांचे प्रमाण न ठरवणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक होते. आठवण ठेवण्याची जबाबदारी ठरावीक वेळेवर आणि जागेवर सोपवली गेली, तर ती मनाला वाहावी लागत नाही.

एक अट मात्र आहे. मॅसिकॅम्पो आणि बॉमाइस्टर यांना असे आढळले की ज्यांनी योजना मनापासून केली आणि पुढे खरोखर पाळली, त्यांच्याच बाबतीत टोचणी सर्वाधिक उतरली होती. वरवरची योजना मनाला पटत नाही (प्रश्न १०).

५. मी रोज सकाळी कामांची यादी करते, तरीही टोचणी कायम असते. यादी म्हणजे योजनाच नव्हे का?

नव्हे. यादी काय राहिले आहे ते सांगते, आणि ते मनाला आधीच ठाऊक असते. कधी, कोठे आणि कोणत्या कृतीने सुरुवात होणार, यांची उत्तरे यादीत नसतात. ‘विमा’, ‘बहिणीशी बोलणे’, ‘अहवाल’ अशा एकेका शब्दाच्या नोंदी पाहिल्या की यादी वाचणाऱ्याला प्रत्येक वेळी नव्याने विचार करावा लागतो, आणि तो विचार अप्रिय असेल तर नजर पुढच्या नोंदीकडे सरकते. आठवडाभर एका यादीतून दुसऱ्या यादीत उतरवली जाणारी नोंद बहुधा याच जातीची असते.

यादी निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. काही सुटून जाईल ही धास्ती ती कमी करते आणि झोपण्यापूर्वी तिचा चांगला उपयोग होतो (प्रश्न ७). परंतु जे काम खरोखर सतावते, त्याला यादीतून बाहेर काढून स्वतंत्रपणे हाताळावे लागते.

६. योजना ‘ठोस’ आहे हे कसे ओळखावे? एखादे उदाहरण पूर्ण उलगडून सांगाल का?

समजा, एका प्राध्यापिकेला तिच्या जुन्या विद्यार्थ्याने उच्च शिक्षणाच्या अर्जासाठी शिफारसपत्र मागितले आहे. मुदत महिन्याच्या वीस तारखेची आहे आणि आज सोमवार, सात तारीख. विनंती येऊन आठवडा उलटला आहे. ‘शिफारसपत्र’ ही नोंद तिच्या यादीत रोज असते, आणि पत्राचा विचार तिला उत्तरपत्रिका तपासताना, जेवताना, मीटिंगमध्ये बसल्यावर हटकून येतो.

ती प्रथम ‘या आठवड्यात शिफारसपत्र लिहायचे’ असे ठरवते. याने फरक पडत नाही, कारण ‘या आठवड्यात’ ही वेळ कधी सुरू होते आणि कधी संपते हे कोणताही क्षण तिला सांगणार नाही. मग ती ‘मंगळवारी अकरा वाजता शिफारसपत्र लिहायचे’ असे ठरवते. वेळ पक्की झाली, टोचणी थोडी कमी झाली, पण गेली नाही. का गेली नाही ते शोधण्यासाठी तिने डोळ्यांसमोर मंगळवारचे अकरा वाजवून पाहावेत. ती संगणकासमोर बसली, कोरी फाईल उघडली, ‘मी या विद्यार्थ्याला तीन वर्षांपासून ओळखते’ एवढे लिहिले आणि थांबली. त्याने प्रकल्प कोणत्या विषयावर केला होता हे तिला आठवत नाही, आणि तो कोणत्या अभ्यासक्रमासाठी अर्ज करतो आहे हेही माहीत नाही. म्हणजे अडले आहे ते लेखन नव्हे. माहिती हातात नाही, आणि ती मागायला आता उशीर झाला या संकोचाने तिने ती मागितलेलीही नाही.

आता योजना बदलते. ती लिहिते: ‘उद्या मंगळवारी सकाळचे व्याख्यान संपवून विभागातील माझ्या टेबलाशी बसले की, दुसरा कोणताही ईमेल उघडण्यापूर्वी, विद्यार्थ्याला उत्तर लिहीन आणि तीन गोष्टी मागवीन: सध्याचा बायोडेटा, प्रकल्पाचा अहवाल आणि अभ्यासक्रमाची माहिती. उशिराबद्दल एक वाक्य, त्याहून अधिक नाही.’ त्याखाली दुसरी ओळ: ‘गुरुवारी दुपारी तीन वाजता त्याच टेबलाशी पहिला मसुदा, अर्धा तास.’ आणि तिसरी: ‘बुधवारी रात्रीपर्यंत माहिती आली नाही, तर गुरुवारी सकाळी फोन.’ तीन ओळी, फार तर पाच मिनिटांचे काम.

या योजनेत वेळ आणि जागा प्रत्यक्षात ओळखता येण्याजोगी आहे, कारण व्याख्यान संपणे ही घडणारी घटना आहे. पहिली कृती इतकी लहान आहे की ती करताना नव्याने काही ठरवावे लागत नाही. शिवाय नेमके कोठे अडू शकते याची सोय तिसऱ्या ओळीत आधीच केलेली आहे.

आणि तरीही सोमवारी रात्री विचार परत आला तर? अशा वेळी त्या विचाराला हुसकावण्याऐवजी तो काय विचारतो आहे ते ऐकावे, हा आमचा सर्वांत आग्रहाचा सल्ला. परत येणारा विचार बहुधा एखादा प्रश्न घेऊन येतो आणि योजना तेथेच उणी असते. उदाहरणार्थ, ‘त्याच्याबद्दल मनापासून चांगले लिहिण्यासारखे माझ्याकडे फारसे नसेल तर?’ हा प्रश्न वरच्या तीन ओळींत कोठेही हाताळलेला नाही. त्यासाठी चौथी ओळ हवी: ‘अहवाल वाचूनही ठोस दोन गोष्टी सापडल्या नाहीत, तर गुरुवारीच त्याला स्पष्ट कळवीन, म्हणजे दुसऱ्या कोणाला विचारण्यास त्याच्या हाती आठवड्याहून अधिक वेळ राहील.’ ही ओळ लिहिणे अवघड जाते, आणि बहुतेकदा खरी टोचणी अशाच न लिहिलेल्या ओळीची असते.

७. दिवसभर ठीक असते, पण अंथरुणावर पडल्यावर सगळी कामे एकदम आठवतात. तेव्हा काय करावे?

दिवसा बाहेरच्या गोष्टी लक्ष वेधून घेतात आणि रात्री ती गर्दी ओसरते, म्हणून राहिलेल्या कामांना वाट मोकळी मिळते. या प्रश्नावर थेट प्रयोग झालेला आहे. मायकेल स्कलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 57 तरुण व्यक्ती निद्रा-प्रयोगशाळेत एक रात्र झोपल्या आणि त्यांची झोप यंत्रांनी मोजली गेली. झोपण्यापूर्वी पाच मिनिटे एका गटाने पुढील काही दिवसांत करावयाची कामे लिहिली, तर दुसऱ्या गटाने नुकतीच पूर्ण केलेली कामे लिहिली. पुढची कामे लिहिणाऱ्यांना सरासरी सुमारे 9 मिनिटे लवकर झोप लागली. त्यांच्यातही ज्यांनी जितके तपशीलवार लिहिले, तितकी त्यांना झोप लवकर लागली.

राहिलेल्या कामांकडे झोपेपूर्वी पाहूच नये, दिवसभरात काय साधले ते आठवावे, हा प्रचलित सल्ला या निष्कर्षाशी जुळत नाही. मात्र ही निरोगी तरुणांची एका रात्रीची मोजणी होती, दीर्घकाळच्या निद्रानाशावरचा तो उपचार नव्हे. लिहिणे कागदावर आणि दिवे मालवण्यापूर्वी करावे. अंथरुणात फोन हातात घेऊन नोंद करायला गेल्यास समोर आलेला एखादा संदेश नवे काम पुढ्यात टाकतो.

८. माझ्या कामात सतत व्यत्यय येतो. प्रत्येक वेळी एवढी सविस्तर योजना करणे शक्य नाही, मग काय?

मध्येच उठावे लागते तेव्हा योजना फक्त परत येण्याची हवी, आणि ती मिनिटभरात होते. सोफी लेरॉय यांनी 2009 मध्ये दाखवले की एका कामावरून दुसऱ्याकडे वळल्यानंतरही लक्षाचा काही भाग पहिल्या कामाशी रेंगाळतो आणि दुसऱ्या कामाची कामगिरी त्याने घसरते. पुढे 2018 मध्ये त्यांनी आणि थेरेसा ग्लोम यांनी एक साधा उपाय तपासला. उठण्यापूर्वी आपण कोठवर आलो आहोत आणि परत आल्यावर काय करायचे आहे याची छोटी नोंद केली, तर हे रेंगाळणे कमी होते आणि मध्येच आलेले काम अधिक चांगले होते.

ही नोंद करताना ‘पान १२ पर्यंत झाले’ इतके पुरेसे नसते. ‘पान १२ वरील तक्त्यातील बेरीज मूळ आकड्यांशी जुळत नाही, परत आल्यावर तिसरा स्तंभ आधी तपासायचा’ अशी नोंद हवी. डोक्यात त्या क्षणी जो धागा जिवंत असतो, तोच लिहून ठेवायचा. दार वाजले किंवा फोन आला म्हणून ताबडतोब उठण्याची सवय असेल, तर ‘एक मिनिट’ म्हणण्याची सवय लावून घ्यावी लागेल. आमच्या मते या उपायातील खरी अडचण एवढीच आहे.

९. माझ्याकडे एका वेळी पंचवीस कामे बाकी आहेत. प्रत्येकाची योजना करू का?

करू नये. एमी डाल्टन आणि स्टीफन स्पिलर यांनी 2012 मध्ये दाखवले की एकाच उद्दिष्टाची ठोस योजना केल्याने ते पार पडण्याची शक्यता वाढते, परंतु अनेक उद्दिष्टांच्या योजना एकाच वेळी केल्या तर हा फायदा दिसत नाही. सगळ्या योजना शेजारी मांडल्या की त्या एकत्र पार पाडणे किती अवघड आहे हे डोळ्यांत भरते आणि निश्चयच डळमळतो. हा अभ्यास कामे पार पडण्याविषयी होता, मनातील टोचणीविषयी नव्हे. तरीही निश्चय डळमळला की मन योजनेवर विसंबत नाही, हे प्रश्न ४ च्या अखेरीस आलेच आहे.

म्हणून पंचवीस कामे लिहून काढावीत आणि गेल्या दोन-तीन दिवसांत न बोलावता कोणती आठवली, त्यांवर खूण करावी. ती बहुधा तीन-चारच निघतात, आणि महत्त्वाच्या क्रमाने ती पहिली असतीलच असे नाही. योजना त्यांचीच करावी. उरलेल्यांसाठी ‘शनिवारी सकाळी ही यादी पुन्हा पाहीन’ अशी एकच योजना पुरते, मात्र शनिवारी ती खरोखर पाहिली गेली पाहिजे.

१०. मी योजना करतो आणि पाळत नाही. आता नवी योजना केली तरी मनाला ती खरी वाटत नाही. यावर उपाय काय?

मन येथे चूक करत नाही. मंगळवारी अकराची वेळ तीनदा टळली असेल, तर चौथ्या वेळी तीच वेळ लिहून काही ठरल्यासारखे वाटणार नाही. प्रथम योजना का मोडली ते पाहावे. वेळ अशी निवडली होती का की जेव्हा आपण दमलेले असतो किंवा दुसऱ्यांच्या ताब्यात असतो? पहिली कृती खरोखर एकच कृती होती, की तिच्या पोटात चार कृती दडल्या होत्या? प्रश्न ६ मधील प्राध्यापिकेप्रमाणे प्रसंग डोळ्यांसमोर आणून पाहिला, तर बहुतेक वेळा हे उत्तर लगेच सापडते.

त्यानंतर योजना इतकी लहान करावी की ती न पाळणे अवघड व्हावे. ‘रोज एक तास हिशेब’ याऐवजी ‘आज रात्री जेवण झाल्यावर पावत्यांचा लिफाफा टेबलावर काढून ठेवीन’ एवढेच. यातून हिशेब पूर्ण होणार नाही हे उघड आहे, पण पुढची पायरी पाळली जाईल हे मनाला पटते, आणि टोचणी कमी व्हायला तेवढे लागते.

११. योजना केल्यावर इतके हलके वाटते की मग काम करायची निकडच राहत नाही. हा धोका नाही का?

हा धोका खरा आहे, आणि टोचणीला सरसकट शत्रू मानू नये असे आम्ही म्हणतो ते याच कारणाने. टोचणी उतरली, पण योजना वहीच्या मागच्या पानावर राहिली आणि ती वही कोणी उघडली नाही, तर आठवण करून देणारे काहीच उरत नाही. म्हणून योजनेला बांधलेला प्रसंग आपोआप समोर येणारा हवा: ठरावीक वेळी वाजणारा गजर, दाराजवळ ठेवलेली पिशवी, रोज हमखास होणारी एखादी गोष्ट. ‘वेळ मिळाला की’ हा प्रसंग नव्हे, कारण वेळ मिळाल्याची सूचना कोणी देत नाही.

काम अवघ्या काही मिनिटांचे असेल आणि आत्ता करता येण्याजोगे असेल, तर योजना करण्यात अर्थ नाही, ते उरकून टाकावे. योजना हा कामाला पर्याय झाला आहे याची एक खूण अशी की योजना अधिकाधिक सुबक होत जाते आणि तिच्यातील पहिल्या कृतीची तारीख पुढे सरकत राहते.

१२. काम माझ्या हातात नाही, दुसऱ्याच्या उत्तरावर अडले आहे. तेथे मी कसली योजना करणार?

वाट पाहण्याचीही योजना होते, आणि अशा कामांत तिची गरज अधिक असते. उत्तर आले का, आता विचारू का, पुन्हा विचारले तर वाईट दिसेल का, हे प्रश्न दिवसातून अनेकदा उठतात, कारण विचारण्याची वेळ ठरलेली नसते. ‘शुक्रवारी सकाळी दहापर्यंत उत्तर आले नाही, तर एक आठवण पाठवीन, आणि पुढच्या बुधवारपर्यंतही आले नाही, तर दुसरा मार्ग धरीन’ असे लिहिले की शुक्रवारपर्यंत काहीही न करणे हाच योजनेचा भाग होतो. दुसरा मार्ग कोणता, हेही त्याच ओळीत लिहावे. तो न लिहिल्यास बुधवारनंतरची काळजी मंगळवारपासूनच सुरू होते.

ज्यात कोणताही दुसरा मार्ग नाही, अशा वैद्यकीय तपासणीच्या अहवालासारख्या गोष्टींत या पद्धतीची मर्यादा लवकर येते. अहवाल कधी मिळेल, कोण आणेल आणि तो कोणाला दाखवायचा, एवढे ठरवता येते. अहवालात काय असेल याची भीती योजनेने जात नाही, कारण ते अपुरे काम नाही (प्रश्न १४).

१३. वर्षानुवर्षे मनात असलेले, पण आता बहुधा कधीच होणार नाही असे काम असेल तर?

अर्ध्यावर सोडलेला अभ्यासक्रम, शिकायचे राहिलेले वाद्य, लिहायचे ठरवलेले पुस्तक ही त्याची नेहमीची रूपे. अशा कामाची योजना करायला बसले की प्रत्येक वेळी हात थांबतो. ते थांबणे पुरेसे वेळा घडले असेल, तर ते काम सोडून देण्याचा विचार गंभीरपणे करावा. ‘जमले तर बघू’ हा निर्णय नव्हे, त्याने काम उघडेच राहते. ‘हा अभ्यासक्रम मी पूर्ण करणार नाही’ असे स्पष्ट वाक्य लिहावे आणि त्याला जोडून एखादी प्रत्यक्ष कृती करावी, जसे की पुस्तके कोणाला तरी देऊन टाकणे किंवा ज्याला शब्द दिला होता त्याला कळवणे.

मन इतक्यात मानत नसेल, तर ठरावीक काळासाठी काम बाजूला ठेवण्याचा मार्ग आहे. ‘या वर्षी नाही, पुढच्या जानेवारीच्या पहिल्या रविवारी फक्त एवढेच ठरवीन की हे मला अजून हवे आहे का.’ यात करण्याची योजना नाही, ठरवण्याची आहे, आणि अनेकांना तीही पुरते.

१४. हे सर्व करूनही विचार थांबत नाहीत. माझ्याच बाबतीत हे का लागू पडत नाही?

सतत येणारा प्रत्येक विचार अपुऱ्या कामाचा असतोच असे नाही. पडताळून पाहण्यासाठी त्या विचाराला ‘पुढची कृती कोणती?’ असा प्रश्न विचारावा. बिल भरणे, फोन करणे, माफी मागणे असे उत्तर मिळाले, तर तो येथील विषय आहे आणि प्रश्न ६ मधील पद्धत पुन्हा एकदा, अधिक बारकाईने वापरून पाहावी. कृती सापडतच नसेल आणि विचार ‘लोक काय म्हणाले असतील’, ‘तेव्हा मी असे का वागलो’, ‘काही वाईट घडले तर’ याभोवती फिरत असेल, तर तेथे योजना करत बसल्याने उलट त्या विचाराला अधिक खाद्य मिळते. जास्तीत जास्त सविस्तर योजना करूनही दर तासाला ती तपासून पाहावीशी वाटणे, हीदेखील त्याच बाजूची खूण आहे.

असे विचार आठवडेच्या आठवडे टिकत असतील आणि झोप, जेवण किंवा रोजचे काम त्यांच्यामुळे बिघडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित समुपदेशक यांच्याकडे जावे. जाणे लांबणीवर पडत असेल, तर भेटीची वेळ घेण्याचा फोन उद्या किती वाजता आणि कोठून करणार, एवढे आज लिहून ठेवावे.